विश्लेषण : फर्निचर जोडणीचा कागद वाचायचा कसा?

ऑनलाइन मागवलेले पुस्तकांचे कपाट चपट्या खोक्यातून घरी येते. आत फळ्या, बारीक लोखंडी सामानाची पुडी आणि घडी घातलेला एक कागद असतो. कागदावर अक्षरे कमी आणि चित्रेच जास्त. बहुतेकांची चूक होते ती स्क्रू पिळण्यात नव्हे, तर फळी कोणत्या बाजूने धरायची हे ओळखण्यात. ते ओळखण्याची खूण मात्र प्रत्येक चित्रात असते. ती खूण म्हणजे फळीवरची भोके.

कागदावर मजकूर का नसतो?

सुटे भाग चपटे बांधून विकायची पद्धत रूढ केली ती आयकिया या स्वीडिश कंपनीने. १९५६ मध्ये या कंपनीतील गिलिस लुंडग्रेन यांनी टेबल गाडीत मावावे म्हणून त्याचे पाय काढले आणि त्यातून ही कल्पना पुढे आली, असे सांगितले जाते. एकच वस्तू अनेक देशांत विकायची तर प्रत्येक भाषेत सूचना छापण्यापेक्षा चित्र काढणे सोपे. आयकियाचे भारतातील पहिले दालन २०१८ मध्ये हैदराबादला आणि दुसरे २०२० मध्ये नवी मुंबईत सुरू झाले. आता भारतीय कंपन्याही चपट्या खोक्यातून फर्निचर पाठवतात आणि त्यांचे कागदही याच धाटणीचे असतात.

पण चित्र म्हणजे फोटो नव्हे. जोडणीच्या कागदावरील प्रत्येक रेघ मुद्दाम काढलेली असते. फळीवर चार भोके दाखवली असतील तर प्रत्यक्षातही चारच असतात आणि त्याच जागी असतात. म्हणूनच हा कागद चित्रकथेसारखा चाळून चालत नाही, तो नकाशासारखा वाचावा लागतो.

उदाहरणादाखल एक साधे कपाट

समजा, १८० सेंटिमीटर उंच आणि ८० सेंटिमीटर रुंद असे पुस्तकांचे कपाट आहे. फळ्या १६ मिलिमीटर जाडीच्या पार्टिकल बोर्डच्या आहेत. कागदाच्या पहिल्या पानावर फळ्यांना आकडे आणि सामानाला अक्षरे दिलेली आहेत. १ म्हणजे डावी उभी फळी, २ म्हणजे उजवी. ३ या आकड्यापुढे ‘× २’ असे लिहिले आहे, त्या दोन आडव्या फळ्या. एक माथ्याची आणि एक मधली. ४ ही तळाची फळी, ५ ही तिच्या खाली पुढच्या बाजूला बसणारी अरुंद तळपट्टी. ६ क्रमांकाच्या दोन फळ्या वर-खाली हलवता येणाऱ्या. ७ म्हणजे पाठीचा पातळ हार्डबोर्ड. एकूण नऊ नग.

सामानाची यादी अशी : ए म्हणजे कॅम बोल्ट १२, बी म्हणजे कॅम १२, सी म्हणजे लाकडी डॉवेल १६, डी म्हणजे फळी टेकवायच्या पिना ८, ई म्हणजे पाठीचे खिळे २४ आणि एफ म्हणजे भिंतीला बांधायची पट्टी १.

ही यादी केवळ मोजणीसाठी नसते, ती ताळा करण्यासाठीही वापरता येते. प्रत्येक पायरीच्या चित्राजवळ त्या पायरीला लागणारे सामान लिहिलेले असते. सगळ्या पायऱ्यांची बेरीज पहिल्या पानावरील आकड्याशी जुळली पाहिजे. या कपाटात पहिल्या पायरीत दोन उभ्या फळ्यांत सहा-सहा कॅम बोल्ट जातात, म्हणजे बारा. दुसऱ्या पायरीत तीन आडव्या फळ्यांच्या टोकांना चार-चार डॉवेल, म्हणजे बारा, आणि त्याच फळ्यांत बारा कॅम. तिसऱ्या पायरीत तळपट्टीला चार डॉवेल. एकूण डॉवेल सोळा. बेरीज जुळली.

काम संपल्यावर दोन डॉवेल उरले तर ‘जास्तीचे दिले असतील’ असे समजून सोडून देऊ नये. काही कंपन्या एखाद-दुसरा नग खरोखरच जास्त देतात. पण सुरुवातीला मोजून ठेवले असेल तरच ते जास्तीचे की विसरलेले, हे कळते. सुरुवातीला सोळाच होते आणि आता दोन उरले, तर कुठल्या पायरीत दोन डॉवेल लागत होते हे कागदावर शोधता येते.

फळी डावी की उजवी, वर की खाली?

फळ्यांवर छोटी चिकटपट्टी लावून क्रमांक दिलेला असेल तर काम सोपे. अनेकदा तो नसतो किंवा पडून जातो. अशा वेळी तीन खुणा पाहाव्यात.

पहिली खूण कडेची. पार्टिकल बोर्डच्या दर्शनी कडेला सुतार ‘एज बँड’ म्हणतात ती पट्टी चिकटवलेली असते. ज्या कडेला पट्टी नाही तिथे भुसा दाबल्यासारखा कच्चा भाग दिसतो. कपाटाच्या पुढच्या बाजूला पट्टीची कड येते, कच्ची कड मागे किंवा जोडात लपते. चित्रात ही पट्टीची कड बहुधा गडद किंवा जाड रेघेने दाखवतात.

दुसरी खूण एकट्या भोकाची. डाव्या आणि उजव्या फळ्या आरशातील प्रतिबिंबासारख्या असतात, म्हणून त्या जमिनीवर ठेवल्यावर सारख्याच वाटतात. या कपाटात प्रत्येक उभ्या फळीच्या एका टोकाला, पुढच्या कडेजवळ, एक जादा भोक आहे. ते तळपट्टीच्या डॉवेलसाठी. म्हणजे हे भोक जिथे, तो फळीचा खालचा पुढचा कोपरा. भोके आतल्या बाजूला आणि पट्टीची कड पुढे ठेवून हा कोपरा वर आला, तर डावी फळी उजवीच्या जागी गेली आहे.

तिसरी खूण खोलगट गोल खड्ड्यांची. आडव्या फळीच्या सपाट अंगावर टोकाजवळ १५ मिलिमीटर व्यासाचे खड्डे असतात. त्यांत कॅम बसतो. हे खड्डे दिसू नयेत म्हणून फळी अशी लावायची असते की ते नजरेआड राहतील. माथ्याची फळी माणसाच्या डोक्यापेक्षा उंच असते, म्हणून तिचे खड्डे वर. मधल्या आणि तळाच्या फळीचे खड्डे खाली. ३ क्रमांकाच्या दोन्ही फळ्या अगदी एकसारख्या आहेत, त्यांची अदलाबदल चालते. पण एक सुलट आणि एक उलट लावायची असते. एकाच आकड्याचा अर्थ ‘सारखा नग’ एवढाच असतो, ‘सारखीच दिशा’ असा नसतो. नेमके याच ठिकाणी सर्वाधिक गोंधळ होतो.

तळाची ४ क्रमांकाची फळीही लांबी-रुंदीने तशीच आहे. तिच्या खालच्या अंगाला पुढच्या बाजूस दोन छोटी भोके जास्त आहेत, हाच तिचा फरक. तळपट्टीचे दोन डॉवेल त्यांत जातात आणि उरलेले दोन उभ्या फळ्यांत. ६ क्रमांकाच्या फळ्यांना मात्र एकही भोक नाही आणि त्या काही मिलिमीटर आखूड आहेत. त्या चुकून ३ च्या जागी जाऊच शकत नाहीत.

थोडक्यात, प्रत्येक पायरीआधी चित्रातील भोके मोजावीत, मग हातातील फळीची मोजावीत. दोन्ही जुळल्याशिवाय काहीही पिळू नये.

कॅम आणि बोल्ट काम कसे करतात?

हार्डवेअरच्या दुकानात ही जोडी ‘मिनीफिक्स’ नावाने मिळते. मुळात ते एका जर्मन कंपनीच्या उत्पादनाचे नाव, पण आता सुतारांच्या बोलण्यात ते सगळ्याच कॅमना लागते. बोल्टचे एक टोक उभ्या फळीत पिळून बसवतात, दुसरे टोपीसारखे टोक बाहेर राहते. ते आडव्या फळीच्या टोकातील भोकातून आत शिरते आणि खड्ड्यातील कॅमपर्यंत पोहोचते. कॅम फिरवला की त्याच्या आतील वळणदार खाच बोल्टच्या टोपीला पकडून आत ओढते आणि दोन फळ्या घट्ट भिडतात.

यासाठी दोन गोष्टी कागदावर मोठ्या वर्तुळात, भिंगातून पाहिल्यासारख्या दाखवलेल्या असतात. पहिली, बोल्ट किती आत जायचा. बोल्टवर एक कॉलर म्हणजे कडे असते. ते फळीच्या पृष्ठभागाला टेकले की थांबायचे. कडे वर राहिले तर फळ्यांत फट राहते. आणखी पिळले तर पार्टिकल बोर्डमधील आटे खरवडले जातात आणि बोल्ट गोल गोल फिरू लागतो.

दुसरी, कॅमचे तोंड. कॅमच्या माथ्यावर बाण असतो. फळ्या जोडण्याआधी हा बाण फळीच्या टोकाकडे, म्हणजे बोल्ट जिथून येणार त्या भोकाकडे, रोखलेला हवा. तसा नसेल तर बोल्ट आत जातच नाही. तो जोर लावून घुसवला की कड फुटते.

बोल्ट पूर्ण आत गेल्यावर कॅम घड्याळाच्या काट्याच्या दिशेने साधारण अर्धा फेरा फिरवायचा. चूक झाली की कॅमच ते सांगतो. काहीच प्रतिकार न होता तो फिरत राहिला तर त्याने बोल्ट पकडलेला नाही. अगदी सुरुवातीलाच अडला तर बोल्ट पुरेसा आत आलेला नाही किंवा फळ्यांत फट आहे. योग्य जोडात सुरुवातीला हलके जाते, मग हळूहळू घट्ट होते आणि फट मिटताना डोळ्यांना दिसते. कॅम जस्ताच्या मिश्रधातूचा असतो. तो घट्ट झाल्यावर आणखी पिळला तर तुटतो. म्हणूनच अनेक कागदांवर विजेवर चालणाऱ्या ड्रिलच्या चित्रावर फुली मारलेली असते.

जोड उघडायचा तर कॅम उलटा फिरवून बाण पुन्हा टोकाकडे आणायचा, मगच फळी ओढायची. मात्र पार्टिकल बोर्डमध्ये पिळलेला बोल्ट पुन:पुन्हा काढला-घातला तर भोक सैल होते. म्हणून चूक पायरीगणिक पकडणे महत्त्वाचे. सातव्या पायरीवर लक्षात आलेली पहिल्या पायरीची चूक सगळे उघडायला लावते.

चित्रांतील इतर खुणांचा अर्थ काय?

तुटक रेघ म्हणजे एखादा भाग ज्या मार्गाने आत सरकणार तो मार्ग. वळलेला मोठा बाण म्हणजे पुढील पायरीआधी सगळा सांगाडा फिरवायचा किंवा उलटा करायचा. हा बाण नजरेतून सुटला तर पुढच्या चित्रात डावे-उजवे बदललेले दिसते आणि वाचणारा चुकीच्या बाजूला भोके शोधत राहतो. शेजारी शेजारी दोन चित्रे असून एकावर फुली असेल, तर त्या दोहोंत एकच फरक असतो. तो सापडेपर्यंत पुढे जाऊ नये. एका माणसाच्या चित्रावर फुली आणि शेजारी दोन माणसे, याचा अर्थ ते काम एकट्याने करायचे नाही. ते खरोखर वजनापेक्षा फळी तिरकी होऊन बोल्ट मोडू नये यासाठी असते.

स्क्रूच्या बाबतीत आकडे पाहावेत. ‘४ × ३०’ म्हणजे ४ मिलिमीटर जाड आणि ३० मिलिमीटर लांब. आकड्याआधी इंग्रजी एम अक्षर असेल तर तो लाकडात नव्हे, धातूच्या आट्यांत जाणारा बोल्ट असतो. चपट्या, आत बुडणाऱ्या डोक्याच्या स्क्रूची लांबी डोक्यासकट मोजतात, गोल डोक्याच्या स्क्रूची डोक्याखालून. छापील कागदावर स्क्रू अनेकदा खऱ्या मापाचे काढलेले असतात, म्हणजे चित्रावर ठेवून जुळवता येतात. पण हाच कागद मोबाइलवर पीडीएफ म्हणून उघडला तर माप पडद्यानुसार बदलते. तिथे चित्रावर स्क्रू ठेवून काही कळत नाही. पट्टीने मोजणे हाच उपाय.

हे मोजमाप का लागते, हे १६ मिलिमीटरच्या फळीत ३० मिलिमीटरचा स्क्रू पिळला की समजते. तो पलीकडून बाहेर येतो.

पाठीचा हार्डबोर्ड एवढा महत्त्वाचा का?

सहाव्या पायरीत कपाट पालथे घालून पाठीचा पातळ हार्डबोर्ड २४ खिळ्यांनी ठोकायचा असतो. तो धूळ अडवण्यासाठी आहे असे वाटते, म्हणून काही जण निम्मेच खिळे मारतात. प्रत्यक्षात कपाट डावी-उजवीकडे कलंडण्यापासून रोखण्याचे काम हाच हार्डबोर्ड करतो. कॅमचे जोड फळ्या जवळ ओढतात, पण चौकोनाचा तिरका होणारा काटकोन एकटे धरून ठेवू शकत नाहीत.

म्हणून पहिला खिळा मारण्याआधी कर्ण मोजायचा. कागदावर अनेकदा दोन कोपऱ्यांना जोडणारे दोन तिरके बाण आणि मध्ये बरोबरीचे चिन्ह असते, त्याचा अर्थ हाच. ८० बाय १८० सेंटिमीटरच्या या कपाटाचा प्रत्येक कर्ण सुमारे १९७ सेंटिमीटर भरला पाहिजे. एक कर्ण दुसऱ्यापेक्षा एक सेंटिमीटर जास्त असेल, तर माथा तळाच्या तुलनेत साधारण सव्वा सेंटिमीटर बाजूला सरकला आहे. जो कर्ण लांब आहे त्याचे दोन कोपरे एकमेकांकडे दाबायचे आणि पुन्हा मोजायचे. दोन्ही सारखे झाल्यावरच खिळे, तेही फळीच्या जाडीच्या मधोमध आणि सरळ. तिरका गेलेला खिळा कपाटाच्या आत डोके काढतो.

सातव्या पायरीत सुट्या फळ्या. उभ्या फळ्यांवरील भोकांच्या रांगेत बहुतेक ठिकाणी दोन भोकांत ३२ मिलिमीटर अंतर असते, ते फर्निचर उद्योगातील रूढ माप आहे. एका फळीखालच्या चारही पिना एकाच उंचीवर हव्यात. मधल्या पक्क्या फळीपासून भोके मोजत जाणे हा सोपा मार्ग. एक पिन एका भोकाने चुकली तरी फळी डुगडुगते.

शेवटची पायरी वगळली तर?

आठव्या पायरीपर्यंत कपाट उभे असते आणि पुस्तके लावायची घाई झालेली असते. भिंतीला बांधायची पट्टी पुडीतच राहते. पण संपूर्ण कागदातील हीच पायरी जिवाशी संबंधित आहे.

जून २०१६ मध्ये अमेरिकेत आयकियाने ड्रॉवरची सुमारे २ कोटी ९० लाख कपाटे परत मागवली. भिंतीला न बांधलेली कपाटे अंगावर कोसळून लहान मुलांचे मृत्यू झाले होते. त्यानंतर अमेरिकेत कपड्यांच्या अशा कपाटांच्या स्थिरतेसाठी २०२२ च्या अखेरीस कायदा झाला आणि २०२३ मध्ये त्याखालील सक्तीचे मानक लागू झाले. धोका समजायला सोपा आहे. मूल खालच्या फळीवर किंवा उघड्या ड्रॉवरवर पाय देऊन चढले की वजन पुढे येते. उंच आणि कमी खोलीचे कपाट तेवढ्यानेही पुढे कलते.

या पायरीचे चित्र नीट पाहिले तर त्यात दोन वेगळे स्क्रू दिसतात. आखूड स्क्रू पट्टी कपाटाच्या माथ्याला लावण्यासाठी, लांब स्क्रू भिंतीसाठी. त्यांची अदलाबदल झाली तर लांब स्क्रू फळीतून आरपार जातो आणि आखूड स्क्रू प्लास्टरमध्येच राहतो. दुसरी गोष्ट, भिंतीचा स्क्रू आणि त्याचा प्लास्टिकचा प्लग अनेक खोक्यांत नसतोच. भिंत कशाची आहे हे कंपनीला माहीत नसते. काँक्रीट किंवा भाजक्या विटांच्या भिंतीला साधा प्लग चालतो. पोकळ ब्लॉक, हलके सिपोरेक्स ब्लॉक किंवा जिप्समच्या पार्टिशनला त्या-त्या प्रकारचा वेगळा प्लग लागतो. प्लग केवळ प्लास्टरमध्ये न राहता आतील विटेत किंवा काँक्रीटमध्ये पोहोचला पाहिजे. ड्रिलमधून लाल भुकटी येऊ लागली तर वीट लागली असे समजावे. पट्टी लावल्यावर कपाटाचा माथा हाताने हलकेच पुढे ओढून पाहावा. पट्टी ताणली जाऊन कपाट जागेवर राहिले तर पायरी पूर्ण झाली.

नग कमी निघाला तर काय करावे?

मोजणी खोके उघडल्या दिवशीच करावी, जोडणीच्या दिवशी नव्हे. कमी नग मागताना ‘एक स्क्रू कमी आहे’ एवढे सांगून उपयोग होत नाही. कागदावरील भागाचे अक्षर किंवा आकडा, त्याशेजारी छापलेला सुट्या भागाचा क्रमांक आणि खोक्यावरील स्टिकरचा फोटो, या तीन गोष्टी कळवाव्या लागतात. म्हणून खोके लगेच भंगारात देऊ नये.

कॅम किंवा बोल्ट हार्डवेअरच्या दुकानातून आणायचा असेल तर जुना नग सोबत न्यावा. कॅमचा व्यास १५ मिलिमीटर सारखा असला तरी १६ आणि १८ मिलिमीटर जाडीच्या फळ्यांसाठी त्याची उंची वेगळी असते, आणि बोल्टच्या लांबीतही फरक असतो. दोन-तीन मिलिमीटरने चुकलेला बोल्ट दिसायला तसाच असतो, पण कॅम त्याला पकडत नाही. कागदही टाकून देऊ नये. घर बदलताना कपाट उघडावे लागले तर कागदावरच्या पायऱ्या शेवटापासून सुरुवातीकडे वाचायच्या असतात, आणि पहिली पायरी भिंतीची पट्टी सोडवण्याची असते.